काटा नको, आकडा द्या

गेल्या काही वर्षांत सरकारी कार्यालयांच्या बैठकीच्या खोल्यांत एक मोठा पडदा आला आहे. त्यावर डॅशबोर्ड चालू असतो आणि डॅशबोर्डवर हमखास अर्धवर्तुळं असतात. डावीकडे लाल, मध्ये पिवळा, उजवीकडे हिरवा पट्टा आणि त्यावर टेकलेला काटा, मोटारीच्या स्पीडोमीटरसारखा. वऱ्हाडात अशाच एका खोलीत मी धरणसाठ्याचा डॅशबोर्ड पाहिला. नऊ प्रकल्पांसाठी नऊ अर्धवर्तुळं होती: ऊर्ध्व वर्धा, शहानूर, चंद्रभागा, पूर्णा, सपन, काटेपूर्णा, वान, मोर्णा आणि निर्गुणा. पडदा भरून गेला होता. सादरीकरण संपल्यावर मागच्या बाकावरच्या एका सरपंचांनी विचारलं, "साहेब, काट्याचं राहू द्या. पानी किती दिवस पुरते, थे सांगा."

त्याचं उत्तर पडद्यावर कुठेच नव्हतं. शेवटी कोणीतरी फायलीतून रोजच्या साठ्याचा छापील तक्ता काढला आणि मोबाइलवर भागाकार करून उत्तर दिलं. नऊ काट्यांनी अडवलेल्या पडद्याला जे जमलं नाही, ते एका कागदाने आणि एका भागाकाराने केलं. हा लेख त्या पडद्याबद्दल आहे. काट्याच्या बाजूने काय म्हटलं जातं, विरुद्ध बाजू काय सांगते आणि अमरावती आणि अकोला या आपल्या दोन जिल्ह्यांतल्या पाण्याच्या व बाजारभावाच्या आकड्यांना यातलं काय लागू पडतं, याचा हा आढावा.

काटा आला कुठून

डॅशबोर्ड हा शब्द मूळचा घोडागाडीचा. घोड्याच्या टापांनी उडणारा चिखल गाडीवानाच्या अंगावर येऊ नये म्हणून समोर लावलेली फळी म्हणजे डॅशबोर्ड. पुढे मोटारी आल्या आणि त्याच जागी वेग, तेल, तापमान दाखवणारी घड्याळं बसली. संगणकाच्या पडद्यावर संस्थेची स्थिती एका नजरेत दाखवायची वेळ आली, तेव्हा शब्दाबरोबर काटेही उचलले गेले.

मोटारीत काटा योग्यच आहे, आणि तो तिथे का योग्य आहे हे आधी पाहायला हवं. वेग क्षणाक्षणाला बदलतो. चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर असतो, त्यामुळे काटा किती वर आहे याइतकंच तो किती झपाट्याने चढतोय हेही त्याला हवं असतं. आणि गाडीचा कमाल वेग ठरलेला असतो, त्यामुळे घड्याळाला खरंखुरं शेवटचं टोक असतं. अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या एखाद्या जिनिंग-प्रेसिंगमध्ये गाठ बांधणाऱ्या प्रेसवरचं दाबाचं घड्याळ घ्या. तिथेही हेच तीन गुण दिसतात: दाब डोळ्यादेखत बदलतो, माणूस यंत्रापाशी उभा असतो आणि ओलांडायची नाही अशी रेघ यंत्रानेच ठरवून दिलेली असते. तिथून काटा काढून नुसता आकडा लावला तर कामगाराची अडचणच होईल, कारण भराभर पालटणारे अंक वाचता येत नाहीत.

धरणाचा साठा यांपैकी एकाही कसोटीला उतरत नाही. तो दिवसातून एकदा मोजला जातो. पडद्यासमोर बसलेल्याच्या हाती त्या क्षणी कुठलीही चावी नसते. आणि साठ्याची खरी मर्यादा धरणाच्या क्षमतेपेक्षा तारखेवर ठरते. चोवीस तास न हलणारा काटा हा काट्याचं नुसतं चित्र असतो.

काटा किती दाखवतो: काटेपूर्णेचं गणित

महानचं काटेपूर्णा धरण म्हणजे अकोला शहराच्या पाण्याचा मुख्य आधार. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ८६.३५ दलघमी, म्हणजे दशलक्ष घनमीटर. डॅशबोर्डवर अर्धवर्तुळ असतं १८० अंशांचं, म्हणजे एका टक्क्याला १.८ अंश मिळतात. आता समजा, पिण्याचं पाणी, सिंचन आणि बाष्पीभवन मिळून धरणातून रोज ०.२ दलघमी पाणी कमी होतं. हा आकडा उदाहरणापुरता धरलेला आहे. ०.२ दलघमी म्हणजे २० कोटी लिटर. साठ्याच्या मानाने ते ०.२३ टक्के भरतं आणि काटा सरकतो ०.४ अंश. काट्याची लांबी १०० पिक्सेल असेल तर त्याचं टोक एका दिवसात पाऊण पिक्सेलही हलत नाही.

२० कोटी लिटर पाणी निघून गेलं आणि पडद्यावर एका ठिपक्याचाही फरक पडला नाही. आठवडाभरात १.४ दलघमी पाणी गेलं, तेव्हा टोक जेमतेम पाच पिक्सेल सरकलं. गेल्या सोमवारी काटा कुठे होता हे कोणी लक्षात ठेवत नाही, त्यामुळे तो सरकलाय हेही कळत नाही. साठा ३१.०९ वरून २९.६९ झाला असं लिहा, म्हणजे पाहणाऱ्याला लगेच समजतं.

ही निव्वळ पिक्सेलची अडचण नाही. १९८४ मध्ये विल्यम क्लीव्हलँड आणि रॉबर्ट मॅक्गिल या दोन संख्याशास्त्रज्ञांनी माणूस आलेखातून किती अचूक वाचतो याचे प्रयोग करून एक उतरंड मांडली. एकाच पट्टीवरची जागा आपण सर्वांत अचूक ओळखतो, आणि कोन तिच्या बराच मागे पडतो. काटा वाचणं म्हणजे कोन वाचणं. नऊ घड्याळांतले नऊ कोन एकमेकांशी ताडून पाहायचे म्हणजे डोळ्याला अवघड तेच काम नऊदा सांगायचं. म्हणून तर डॅशबोर्ड बनवणारा प्रत्येक जण अर्धवर्तुळाच्या पोटात मोठ्या अक्षरांत "३६%" असं लिहून ठेवतो. वाचणारा तो आकडाच वाचतो. भोवतीची कमान, रंग, खुणा आणि काटा काढून टाकले तरी त्याला मिळणारी माहिती कमी होत नाही.

जागेचा हिशेब

कार्यालयांतल्या साध्या लॅपटॉपचा पडदा १३६६ गुणिले ७६८ पिक्सेलचा असतो, म्हणजे सुमारे साडेदहा लाख पिक्सेल. वाचता येईल असं एक अर्धवर्तुळ, त्याचं शीर्षक आणि भोवतीची मोकळी जागा मिळून ३०० गुणिले २०० पिक्सेल सहज घेतं. अशी नऊ काढली की ५ लाख ४० हजार पिक्सेल गेले. निम्म्याहून जास्त पडदा नऊ आकडे सांगण्यात खर्ची पडला.

हेच नऊ प्रकल्प तक्त्यात मांडून पाहा. एका ओळीला ३२ पिक्सेल उंची, शीर्षकाला ४० आणि रुंदी ६०० धरली तर सगळा तक्ता १ लाख ९७ हजार पिक्सेलमध्ये बसतो, म्हणजे पडद्याच्या पाचव्या हिश्श्यापेक्षाही कमी जागेत. आणि प्रत्येक ओळीत सहा रकाने मावतात: आजचा साठा, टक्के, गेल्या वर्षीचा याच तारखेचा साठा, आठवड्यातला बदल, रोजचा वापर आणि पाणी कधीपर्यंत पुरेल ती तारीख. नऊ आकड्यांच्या जागी चोपन्न आकडे आले आणि वर पडदा उरलाच. सरपंचांचं उत्तर त्या शेवटच्या रकान्यात असतं.

स्टीफन फ्यू यांनी २००६ साली डॅशबोर्डच्या मांडणीवर पुस्तक लिहिलं, त्यात काट्यावरचा मुख्य आक्षेप हाच होता: जागा फार खातो आणि सांगतो फार थोडं. पर्याय म्हणून त्यांनी बुलेट ग्राफ मांडला. त्यात एक आडवी बारीक पट्टी, लक्ष्याची उभी रेघ आणि मागे फिकट छटा असतात. घड्याळाचं सगळं काम तो एका ओळीच्या उंचीत करतो, आणि पट्ट्या एकाखाली एक ठेवता येत असल्यामुळे डोळ्याला कोनाऐवजी लांबी वाचायला मिळते. त्याच वर्षी एडवर्ड टफ्टी यांच्या पुस्तकातून स्पार्कलाइन, म्हणजे शब्दाएवढा छोटा रेषालेख, पुढे आला. एक्सेलमध्ये तो २०१० च्या आवृत्तीपासून तयार मिळतो. आकड्याशेजारी अशी रेघ ठेवली की साठा कसा घसरत आला हेही दिसतं.

काट्याला तारीख कळत नाही

जागा वाया जाण्यापेक्षाही मोठा दोष अर्थाचा आहे. काटा ३६ टक्क्यांवर आहे, पट्टा पिवळा आहे. याचा अर्थ काय घ्यायचा? १५ ऑक्टोबरला पावसाळा सरल्यावर काटेपूर्णेत ३६ टक्के असतील तर पुढचे आठ महिने कठीण आहेत. जूनच्या अखेरीस ३६ टक्के असतील तर ती दिलाशाची बातमी आहे. घड्याळावरचे रंगीत पट्टे मात्र बाराही महिने तेच राहतात, म्हणून त्यांचा लाल-हिरवा बहुतेक दिवस चुकीचा असतो.

एक दिवस धरून पाहू. १५ फेब्रुवारीला साठा ३१.०९ दलघमी, म्हणजे ३६ टक्के. रोज ०.२ दलघमी कमी होत असेल तर पाणी १५५ दिवस, म्हणजे २० जुलैपर्यंत पुरेल. विदर्भात मोसमी पाऊस साधारण जूनच्या मध्यावर पोचतो, तेव्हा महिनाभराची सवड आहे. पण वऱ्हाडचा उन्हाळा सगळ्यांना माहीत आहे. बाष्पीभवन वाढलं, मागणी वाढली आणि रोजची घट ०.३ वर गेली, तर तोच साठा १०३ दिवसांत, २९ मेला संपतो. पावसाला तेव्हा पंधरवड्याहून जास्त अवकाश असतो. दोन्ही स्थितींत काटा एकाच जागी, रंग तोच. एकीत निर्धास्त राहता येतं, दुसरीत पाण्याच्या पाळ्या आजच वाढवायला लागतात.

हा हिशेब एक्सेलमध्ये एका ओळीचा आहे. A2 मध्ये मोजणीची तारीख, B2 मध्ये उपयुक्त साठा आणि C2 मध्ये गेल्या सात दिवसांतली सरासरी रोजची घट ठेवा:

```
=A2+INT(B2/C2)
```

उत्तराच्या घराला तारखेचं स्वरूप दिलं की २० जुलै दिसेल. C2 मध्ये ०.३ घातलं की २९ मे. हे सूत्र पावसाळ्यात वापरू नये, कारण तेव्हा घट शून्याजवळ येते किंवा साठा वाढत असतो आणि भागाकाराला अर्थ राहत नाही. उन्हाळ्यातही आजच्या घटीवर एक तारीख आणि मे महिन्यातल्या घटीवर दुसरी, अशा दोन तारखा दिलेल्या बऱ्या. निर्णय घेणाऱ्याला दोन टोकं कळतात.

टक्क्याचं अर्धवर्तुळ लहान-मोठं धरण सारखंच दाखवतं

मोर्शी तालुक्यातल्या सिंभोऱ्याच्या ऊर्ध्व वर्धा धरणावर अमरावती शहराची तहान भागते. त्याचा उपयुक्त साठा सुमारे ५६४ दलघमी, काटेपूर्णेच्या साडेसहा पट. डॅशबोर्डवर मात्र दोघांना एकाच मापाचं अर्धवर्तुळ. दोन्ही काटे मधोमध उभे असले की पाहणाऱ्याला दोन्ही जिल्ह्यांची स्थिती सारखी वाटते. प्रत्यक्षात ऊर्ध्व वर्धेचे ५० टक्के म्हणजे २८२ दलघमी, आणि काटेपूर्णेचे ५० टक्के म्हणजे ४३. अर्धं ऊर्ध्व वर्धा म्हणजे तुडुंब भरलेली तीन काटेपूर्णा धरणं आणि वर काही. दलघमीचा रकाना असला की हा घोटाळा होत नाही. टक्के शेजारी राहू द्यावेत, एकटे ठेवू नयेत.

टक्के कशाचे, हाही प्रश्न आहे. धरणात मृत साठा असतो, त्याच्या वरचा तो उपयुक्त. ऊर्ध्व वर्धेचा एकूण साठा सुमारे ६७८ दलघमी. उपयुक्त साठा निम्मा असताना एकूण साठ्याच्या हिशेबाने तेच पाणी ५८ टक्के भरतं. एका पडद्यावर ५० आणि दुसऱ्यावर ५८ दिसू शकतात आणि दोन्ही बरोबर असतात. काट्याखाली हे लिहायला बहुधा जागा उरत नाही. आकड्याखाली "उपयुक्त साठा" हे दोन शब्द सहज मावतात.

भावाला टोक नसतं

हाच काटा आता शेतमालाच्या भावासाठीही दिसू लागला आहे, आणि तिथे तो मुळातच बसत नाही. घड्याळाला शून्य आणि कमाल अशी दोन टोकं लागतात. सोयाबीनच्या भावाला कमाल टोक कुठलं? बनवणारा अंदाजाने दहा हजार घालतो. मग ४,२०० आणि ४,५०० यांतला फरक, जो क्विंटलमागे तीनशे रुपये आहे आणि शेतकऱ्याचा खर्च-उत्पन्नाचा हिशेब फिरवू शकतो, काट्यावर साडेपाच अंशांत मिटतो.

टोक दिलंच नाही तर आणखी वाईट होतं. पॉवर बीआयमधल्या Gauge या आलेखाला कमाल मर्यादा दिली नाही, तर तो चालू आकड्याच्या दुप्पट कमाल मर्यादा आपणहून धरतो. म्हणजे भाव ४,२०० असो की ६,०००, पट्टी बरोबर अर्धी भरलेली दिसते. तुमच्या डॅशबोर्डवर एखादी पट्टी महिनोन्महिने नेमकी अर्धी भरलेली दिसत असेल, तर पहिली तपासणी हीच करा. त्याच प्रणालीत आकडा दाखवणारा Card आहे. त्याला टोक लागत नाही, म्हणून ही चूकही होत नाही.

बाजार समित्यांनी हा प्रश्न फार पूर्वीच सोडवलेला आहे. शेतमालापुढे आवक, किमान दर, कमाल दर आणि सर्वसाधारण दर असे चार आकडे असतात. अकोल्याच्या बाजारात आलेला शेतकरी ते वाचून माल आज काढायचा की थांबायचं हे ठरवतो. त्यात एकच रकाना वाढवला तर काम पूर्ण होतं: हमीभावापासूनचं अंतर. २०२५-२६ च्या हंगामात सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता. त्या हंगामात सर्वसाधारण दर समजा ४,२०० असेल तर शेजारी "हमीभावापेक्षा १,१२८ कमी" एवढं लिहावं. काटा सामान्य माणसाला लवकर समजतो, हे त्याच्या बाजूने नेहमी सांगितलं जातं. पण ज्या माणसासाठी ते सांगितलं जातं, तो पिढ्यान्‌पिढ्या आकड्यांत सौदे करत आला आहे.

आकडाही आंधळा असू शकतो

यावरून नुसता मोठा आकडा लिहिला की झालं, असं मात्र नाही. "३१.०९" एवढंच पडद्यावर झळकवलं तर तेही काट्याइतकंच मुकं आहे. आकड्याला बोलतं करायला चार गोष्टी लागतात: एकक, तुलना, बदल आणि मोजणीची वेळ. काटेपूर्णेची चौकट मी अशी लिहीन. तुलनेचे आकडे इथेही उदाहरणाचेच आहेत.

काटेपूर्णा (महान), उपयुक्त साठा
३१.०९ दलघमी, ३६ टक्के
गेल्या वर्षी याच दिवशी ४४.९०, यंदा १३.८१ ने कमी
सात दिवसांत १.४० ने घट
आताच्या वापराने २० जुलैपर्यंत, उन्हाळी वापराने २९ मेपर्यंत
मोजणी १५ फेब्रुवारी, सकाळी ८

पहिली ओळ नाव आणि कोणता साठा ते सांगते. दुसरी मोठ्या अक्षरांत, बाकीच्या लहान. मोजणीची वेळ सर्वांत जास्त वेळा गाळली जाते आणि सर्वांत जास्त फसवते, कारण चार दिवस नोंद आली नसली तरी आकडा ताजाच दिसतो. दोनपेक्षा जास्त दशांश स्थळं देऊ नयेत, मोजणीच तितकी बारीक नसते. कमी-जास्त दाखवायला रंगावर विसंबू नये, शब्द लिहावा. पुरुषांत सुमारे आठ टक्क्यांना लाल-हिरव्यात फरक करणं जड जातं, आणि कार्यालयातली छपाई बहुधा काळी-पांढरीच असते.

जिथे आकार पाहायचा असतो, तिथे आकडा अपुरा पडतो. पाच वर्षांत साठा कोणत्या महिन्यापासून घसरतो हे पाहायचं तर रेषालेखच हवा. काटे काढल्यावर मोकळी झालेली जागा यासाठीच वापरावी: आडव्या अक्षावर जून ते मे, यंदाची रेघ ठळक, मागच्या वर्षांच्या फिकट. नऊ अर्धवर्तुळांपेक्षा तो एक आलेख सरपंचालाही जास्त सांगेल आणि अभियंत्यालाही.

काट्याच्या बाजूने उरतो तो एकच मुद्दा: तो दिसायला छान दिसतो आणि वरिष्ठांना आवडतो. हे खरं आहे. पण ती आवड बहुतेक वेळा दुसरं काही न पाहिल्यामुळे असते. छापील तक्ता समोर आला की तेच वरिष्ठ त्यावर बोट ठेवून प्रश्न विचारतात. काट्यावर कोणी बोट ठेवत नाही.

अमरावती-अकोल्यात पाण्याचे, भावाचे किंवा कसलेही डॅशबोर्ड बनवणाऱ्यांना माझी एकच विनंती आहे. प्रत्येक अर्धवर्तुळापाशी थांबून विचारा: हे क्षणाक्षणाला बदलतं का, पाहणाऱ्याचा हात कळीवर आहे का, आणि याला खरंखुरं कमाल टोक आहे का? तिन्ही उत्तरं "हो" असतील तर काटा ठेवा. नसतील तर तो काढा आणि त्या जागी आकडा, गेल्या वर्षीचा आकडा आणि पाणी पुरेल ती तारीख लिहा. गावाला विचारायची असते ती तारीखच.